जवारी लागली का?

जानेवारीतला एक सोमवार. सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी पुण्याहून एक मेसेज सुटतो.

"नमस्कार काका. तानपुऱ्याची जवारी लागली का? शनिवारी न्यायला येऊ का?"

३२ मिनिटांनी उत्तर येतं.

"जवारी आजून उभी हाय. काढनीला दीड म्हैना लागंल. तानपुरा कोन"

मेसेज जायचा होता मिरजेला, तंतुवाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांना. गेला मंगळवेढ्याला, पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका माणसाला. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत जवारी म्हणजे तारेची झणझण. मंगळवेढ्यात जवारी म्हणजे ज्वारी, आणि हे गाव तर ज्वारीचं कोठार. शब्द एकच, आणि आपापल्या जागी दोघांचंही बरोबर. चुकलाय तो फक्त नंबर.

ही एका लघुकथेची सुरुवात आहे. कथा माझीच आहे, त्यामुळे ती उसवून दाखवायला कुणाची हरकत नसावी. चुकून गेलेल्या मेसेजवरून दोन अनोळखी माणसं बोलू लागतात आणि त्या बोलण्यात हळूहळू सलगी उतरते, अशा कथा मोबाइल आल्यापासून बऱ्याच लिहिल्या जातात. त्यातल्या पुष्कळशा पाचव्या-सहाव्या मेसेजला आडव्या होतात. माझाही पहिला खर्डा आठव्या मेसेजला मेला. तिथे त्याने तिचा फोटो मागितला होता आणि तिने तो पाठवलाही होता. दोघांनाही मेसेज करायला कारण उरलं नाही.

या कथेचं सगळं गणित इथेच आहे. अनोळखी माणसाला मेसेज करायला निमित्त लागतं. आधी ते कामाचं असतं, मग माफी मागण्याचं, मग कुतूहलाचं. प्रत्येक मेसेजगणिक ते पातळ होत जातं. एक दिवस मेसेज येतो आणि त्याला काहीच निमित्त नसतं. प्रेमाचा शब्द कथेत कुठेही नसला, तरी वाचकाला कळायचं ते त्या मेसेजला कळतं. लेखकाचं काम एवढंच, की निमित्त फार लवकर संपू द्यायचं नाही.

युक्ती जुनीच आहे. १८७९ साली एला चीव्हर थेअर या अमेरिकन लेखिकेने 'वायर्ड लव्ह' नावाची कादंबरी लिहिली. त्यातली तारायंत्रावर काम करणारी मुलगी दुसऱ्या टोकाच्या ऑपरेटरशी कट्टकडकट्ट करत बोलते. तिला ठाऊक असतं ते त्याचं एक अक्षर, 'सी'. पुढे एक भलताच माणूस 'सी' म्हणून तिच्यासमोर उभा राहतो आणि ती हिरमुसते. माणूस न दिसणं ही या प्रकाराची गंमत आणि तोच त्याचा धोका, हे तेव्हापासून ठरून गेलं. ऑस्ट्रियाच्या डानिएल ग्लाटाउअरच्या २००६ सालच्या जर्मन कादंबरीत एमी एका मासिकाची वर्गणी बंद करायला ईमेल करते. टाइप करताना एक जादा अक्षर पडतं आणि ईमेल लिओ नावाच्या माणसाला जातो. आणि आपल्या मुंबईत घडणारा 'द लंचबॉक्स' हा २०१३चा सिनेमा तर अनेकांनी पाहिलेला. तिथे चुकतो तो डबा. नवऱ्यासाठी जीव ओतून केलेला डबा दुसऱ्याच माणसाकडे जातो, आणि त्याची पहिली चिठ्ठी काय सांगते? आज मीठ जास्त झालं होतं. तिथे कौतुकाची चिठ्ठी आली असती, तर इलाने आभार मानले असते आणि विषय मिटला असता. तक्रारीला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

आता आपल्या कथेकडे. पहिला प्रश्न, नंबर चुकला कसा? "चुकून लागला" एवढ्यावर वाचक समाधान मानत नाही, कारण हल्ली नंबर हाताने कोण दाबतो? सगळ्यांचे नंबर नावाने साठवलेले असतात. म्हणून चूक एखाद्या वस्तूत ठेवावी. मिरजेच्या काकांनी तानपुरा ठेवून घेताना पावतीवर आपला नंबर बॉलपेनने, मराठी आकड्यांत लिहून दिला. त्यातला १ जरा जास्त वळला आणि तिने तो ९ वाचला. मराठी हस्ताक्षर पाहिलेल्या कुणालाही हे पटतं. शिवाय ती पावती पुढे कामी येते.

दुसरा प्रश्न अवघड. उत्तर का द्यावं? काही वर्षांपासून "हॅलो, तुम्हीच का ते?" असे मेसेज ठगांकडून येतात. चुकीचा नंबर लागल्याचं नाटक करायचं, गोड बोलायचं, फोटो पाठवायचे, आठवड्याभरात जिवाभावाचं व्हायचं आणि मग भरघोस परताव्याच्या गुंतवणुकीत पैसे घालायला लावायचे. या धंद्याचं चिनी नाव डुकराला खाऊ घालून कापण्यावरून पडलं आहे. आजचा वाचक हे सगळं पेपरात वाचून बसलेला आहे. त्यामुळे आपली कथा वाचताना त्याच्या मनात पहिली शंका येते ती फसवणुकीची. ती नाही असं समजून लिहिलं, तर पात्रं बावळट दिसतात.

ठगाच्या मेसेजची खूण अशी, की तो कुणालाही चालेल असा असतो. त्यात ना गल्ली, ना वस्तू, ना धंद्याचा शब्द. आणि त्याला घाई असते. आपल्या कथेतला मेसेज नेमका हवा, आणि संथ. "जवारी लागली का?" असं कुठला ठग विचारेल? तरीही शंका मी कथेतच घातली. गिरणीतलं एक गिऱ्हाईक त्याला बजावतं, "असल्या नादी लागू नगा, बँक रिकामी हुती." मग तो तिची परीक्षा घेतो.

"तानपुऱ्याचा भोपळा कुठनं येतो सांगा"

"पंढरपूरच्या बाजूचा ना? काका सांगत होते."

"बरुबर. आमच्याच बाजूचा"

पंढरपूरच्या परिसरात पिकलेले भोपळे मिरजेत वाद्यांना लागतात, ही खरी गोष्ट आहे. परीक्षा झाली, ती पास झाली, आणि तिच्या तानपुऱ्याचा अर्धा भाग त्याच्या शिवाराकडचा निघाला. शंकेचं निमित्त होऊन दोघं एक पाऊल जवळ आली. कथेतल्या अडचणीला असं कामाला लावता आलं, तर ती अडचण राहत नाही.

यानंतरची गोष्ट इंग्रजीत घडू शकत नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. इंग्रजीत दोन अनोळखी माणसं शंभर मेसेज लिहितील, तरी बाई कोण आणि पुरुष कोण ते कळायचं नाही. मराठीत क्रियापद चुगली करतं. "मी आलो", "मी आले". तरी आडवाटा आहेत. "मी वाचलं", "मला वाटतं", "मी येईन", "येऊ का" यांतून काहीच कळत नाही. तुम्ही हा लेख इथवर वाचलात. लिहिणारा बाप्या आहे की बाई, कळलं का? कळू दिलेलं नाही, आणि पुढेही देणार नाही.

आमच्या कथेतल्या पहिल्या मेसेजमध्ये "न्यायला येऊ का" आहे, ते यासाठीच. त्यानंतरचं बोलणं असं चालतं.

"चुकीचा नंबर लागला. माफ करा."

"आसूं द्या भाऊ"

आणि त्याच रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी:

"पर भाऊ एक इचारू का. तानपुऱ्याला जवारी कशाला लागती"

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी तिचं उत्तर येतं. "झोपले होते, आत्ता पाहिलं. ती जवारी खायची नाही. तार ज्या घोडीवरून जाते, तिथे तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात. तो बरोबर जागी आला की तार घोडीला जराशी घासते आणि झणझणते. तिला जवारी म्हणतात."

"झोपले होते." समोर भाऊ नाही, हे त्याला इथे कळतं. आता तो काय लिहील? मराठी माणसाच्या बोटांवर पटकन येणारा शब्द म्हणजे "ताई". तो लिहिला की कथा संपली, कारण ताई म्हटलेल्या बाईशी पुढे सलगी करता येत नाही. "मॅडम" लिहिलं तर ती सरकारी कचेरी होते. तो यातलं काहीच लिहीत नाही.

"मंजी गोड वाजायला जरा घासावं लागतंय"

भाऊ गेला आणि ताई आली नाही. संबोधनाची जागा रिकामी राहिली. कथेतली पहिली ठिणगी हीच. वाक्यात दुसरा अर्थ आहे, पण तो त्याने मुद्दाम ठेवला की आपोआप आला, हे त्यालाही सांगता येणार नाही. ती दोन तास गप्प राहते. मग लिहिते:

"हो. पण किती, ते कानाला कळावं लागतं."

यात होकार नाही, नकार नाही, पण मर्यादा आहे. आणि मर्यादा घालण्याचा मान तिच्याकडे ठेवणं फार महत्त्वाचं. अनोळखी पुरुषांच्या "हाय डिअर" मेसेजचा ज्यांना रोज वैताग येतो, अशा बायका ही कथा वाचणार असतात. सलगी आणि त्रास यांतला फरक शब्दांत सापडत नाही, तो मोजणीत सापडतो. तिने उत्तर दिलेलं नसताना तो सलग दुसरा मेसेज करतो का? माझ्या कथेत २७ दिवसांत ४१ मेसेज आहेत. "आसूं द्या भाऊ"नंतरच्या त्या रात्रीचा प्रश्न सोडला, तर तिच्या उत्तरावाचून त्याने कधीच सलग दोनदा लिहिलेलं नाही. मधे सहा दिवस काहीच येत-जात नाही, तेव्हाही तो थांबतो. सातव्या दिवशी ती लिहिते. वाचक मोजत बसत नाही, पण त्याला हे जाणवतं आणि तो गिरणीवाल्यावर विश्वास ठेवतो.

ते सहा दिवसही कथेचा भाग आहेत. मेसेजच्या कथेत वर्णनाला जागा नसते. तिचा चेहरा पडला, त्याने सुस्कारा टाकला, असं लिहिता येत नाही. ते काम वेळ करते. २ मिनिटांत आलेलं उत्तर आणि ४० मिनिटांनी आलेलं उत्तर, शब्द तेच असले तरी वेगळे. म्हणून खर्डा करताना प्रत्येक मेसेजपुढे वार आणि वेळ लिहावी, आणि त्या वेळी ते माणूस कुठे असेल ते मनाशी ठरवावं. गिरणी चालू असताना हाताला पीठ असतं, तेव्हा तो लांबलचक लिहीत नाही. ती नोकरीला जाणारी, त्यामुळे दुपारी दीडला तिचा मेसेज येऊ शकतो, साडेअकराला अवघड.

फोनच्या सोयी वापरताना सालाचं भान ठेवावं लागतं. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरात आल्या. पाठवलेला मेसेज दोन्ही फोनवरून पुसायची सोय २०१७त. तुमची कथा २०१० सालात घडत असेल, तर "तिने वाचलं, पण उत्तर दिलं नाही" हे त्याला कळूच शकत नाही. संपादक अशा ठिकाणी पेन्सिलीने गोल करतात. आमची कथा अलीकडची, म्हणून मला पुसलेला मेसेज वापरता आला. चौदाव्या दिवशी रात्री साडेआठला तिच्या फोनवर त्याचा एक मेसेज येतो आणि ती उघडेपर्यंत पुसला जातो. लगेच दुसरा येतो.

"जेवलात का"

"आधी काय लिहिलं होतंत?"

"एक अक्षर चुकलं हुतं"

"कुठलं?"

"जेवलीस झालं हुतं"

४० मिनिटं शांतता. मग तिचं उत्तर:

"राहू द्यायचं होतं."

'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही मराठी प्रेमकथेतली मोठी घटना. समोरासमोर ते तोंडून निसटतं आणि हवेत विरतं. मेसेजमध्ये ते लिहिलं जातं, पुसता येतं, आणि पुसल्याची खूण उरते. गंमत अशी, की ती "राहू द्यायचं होतं" म्हणते, पण "राहू द्यायचंस" म्हणत नाही. दार उघडलं आहे, पाऊल त्याने टाकायचं आहे. आणि तो लगेच टाकत नाही. पुढचे कितीतरी मेसेज तो अशी वाक्यं शोधतो, ज्यांत तूही नाही आणि तुम्हीही नाही. "हुरडा सुरू झालाय." "आज लई थंडी." लेखक म्हणून हे लिहायला मजा येते, पण प्रत्येक क्रियापद तपासावं लागतं. एखादं "आलात" निसटलं, की घड्याळ मागे जातं.

अशा कथा बिघडतात त्या आणखी दोन कारणांनी. एक म्हणजे दोघांचा आवाज एकच होतो. दोघंही चुरचुरीत, दोघंही हजरजबाबी, आणि वाचकाला कुणी काय लिहिलं ते वर बघून ठरवावं लागतं. आमच्याकडे ती पूर्ण वाक्य लिहिते आणि टिंब देते. तो टिंब देत नाही आणि बोलतो तसं लिहितो. नावं झाकून वाचून पाहावं. ओळखू येत नसेल, तर पुन्हा लिहायला बसावं. दुसरं कारण म्हणजे पात्रं एकमेकांना न सांगता वाचकाला माहिती सांगायला लागतात. "मी अडतीस वर्षांची, घटस्फोटित, एका बँकेत काम करते" असं अनोळखी माणसाला कुणी लिहीत नाही. माझ्या कथेत ती एकटी राहते हे कुठेच लिहिलेलं नाही. एका रात्री ती कळवते, की तानपुरा घरात नसल्यामुळे त्याचा कोपरा फार मोठा दिसतो. वाचकाला तेवढं पुरतं.

त्याच्या बाजूचंही तसंच. विसाव्या दिवशी जवारी लागायला आली म्हणून मिरजेचे काका तिला तानपुऱ्याचं १२ सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवतात. (पावतीवरचा आकडा तिने केव्हाच दुरुस्त करून घेतला होता. म्हणजे मंगळवेढ्याला मेसेज करायचं खरं निमित्त दुसऱ्याच दिवशी संपलं होतं, हे वाचकाने विसरू नये.) ते रेकॉर्डिंग ती त्याला पुढे पाठवते. दुपारची वेळ, गिरणीत डब्यांची रांग. त्याचं उत्तर ९ मिनिटांनी येतं.

"गिरनी बंद करून ऐकलं"

एवढंच. आवडलं, गोड आहे, असं काही नाही. रांगेतली माणसं थांबली, पट्टा थांबला, आणि बारा सेकंदांसाठी सगळं गाव गप्प झालं, हे वाचकाने आपलं आपण ऐकायचं.

शेवट हा या प्रकारातला सगळ्यांत चकव्याचा भाग. दोघांना भेटवलं, की इतका वेळ वाचकाने मनात काढलेली चित्रं लेखक खोडून टाकतो. भेटवलंच नाही, तर फसवल्यासारखं वाटतं. 'द लंचबॉक्स' भेटीच्या अलीकडे थांबतो. ग्लाटाउअरची कादंबरी भेट न घडवताच संपते, आणि पुढची गोष्ट सांगायला त्याला २००९ साली दुसरा भाग लिहावा लागला. या दोन्हींवरून एक गोष्ट दिसते. शेवट भेटीचा असावा की नसावा यापेक्षा, निमित्त संपल्यावर पात्रं काय करतात हे दाखवायचं असतं.

म्हणून मी तानपुरा दुरुस्त होऊ दिला. सत्ताविसावा दिवस, शनिवार. ती मिरजेला जाते, तानपुरा ताब्यात घेते आणि स्टेशनवर येते. आता विचारायचं, सांगायचं काही उरलेलं नाही. तरी ती लिहिते:

"जवारी लागली."

निळ्या खुणा उमटतात. उत्तर नाही. सहा मिनिटांनी ती पुन्हा लिहिते. कथेत सलग दोन मेसेज तिने केल्याची ही पहिलीच वेळ.

"मिरज स्टेशन. पुण्याची गाडी यायला वेळ आहे. पंढरपूरची आधी आहे."

वाक्यं वेळापत्रकातली आहेत, त्यांत भावना नावाची गोष्ट औषधालाही नाही. पण पुण्याला जाणाऱ्या बाईने पंढरपूरच्या गाडीची वेळ सांगायचं कारण काय? पहिल्या खर्ड्यात मी इथेच थांबायचं ठरवलं होतं. मग लक्षात आलं, की एक हिशेब बाकी आहे. चौदाव्या दिवशी पुसलेलं ते अक्षर त्याच्याकडे अजून येणं होतं. मिरजेहून पंढरपूरला जाणारी गाडी वाटेत सांगोल्याला थांबते.

"सांगोल्याला उतर. मी हाय तितं"

'उतरा' नाही. 'उतर'.